चार्जरमधला सहा मिलिमीटरांचा बांध

भिंतीतल्या सॉकेटमध्ये 230 व्होल्ट असतात हे शाळेत शिकवतात. चार्जरच्या आत गेल्यावर त्यांचे 325 होतात, हे सहसा कोणी सांगत नाही. 230 ही एसी विजेची सरासरी धरून सांगितलेली किंमत आहे, आणि लाटेचा माथा 325 पर्यंत जातो. चार्जर सगळ्यात आधी ही लाट चार डायोडांमधून सरळ करतो आणि माथ्यावरचे व्होल्ट एका कॅपॅसिटरमध्ये साठवतो. म्हणजे काडेपेटीएवढ्या डबीच्या एका टोकाला 325 व्होल्ट डीसी आणि दुसऱ्या टोकाला, जिथे यूएसबीची केबल लागते आणि आपला हात लागतो, तिथे 5 व्होल्ट. मधलं अंतर जेमतेम तीन-चार सेंटिमीटर.

दीडशे रुपयांचा चार्जर आणि हजाराचा चार्जर, दोघांनाही मीटर लावलं तर 5 व्होल्टच दिसतात. दोघांवर फोनही चार्ज होतो. म्हणून "चालतोय ना, मग झालं" असं वाटणं साहजिक आहे. पण दोन्ही डब्या उघडून शेजारी ठेवल्या की लक्षात येतं, की फरक चार्जर चालतो त्या दिवसाचा नाही. आत एखादा भाग बिघडेल त्या दिवशी 325 व्होल्ट कुठे जातील, याचा विचार एकीत केलेला आहे आणि दुसरीत केलेलाच नाही. सुरक्षिततेची सगळी मानकं याच प्रश्नावर उभी आहेत: कुठलाही एक भाग निकामी झाला, तरी हात लावणाऱ्याला धक्का बसता कामा नये आणि आग लागता कामा नये.

चांगल्या चार्जरचा पीसीबी उलटा करून पाहा. तांब्याच्या रेघा दोन वेगळ्या वस्त्यांमध्ये वाटलेल्या दिसतात. एक मेनची बाजू, एक यूएसबीची बाजू. मधून एक रिकामी पट्टी जाते, तिच्यावर तांबं नाही, सोल्डर नाही, काही नाही. दोन शेतांमधल्या बांधासारखी ही पट्टी. आणि बांधाचं जे गावोगाव होतं तेच स्वस्त चार्जरमध्ये होतं: दोन्हीकडून थोडाथोडा कोरला जातो. बोर्ड छोटा केला की पैसे वाचतात, आणि बोर्डवर सगळ्यात 'फुकट' दिसणारी जागा तीच असते.

बांध किती रुंद हवा याचे आकडे ठरलेले आहेत. आपल्या मेनच्या व्होल्टेजला, घरातल्या साधारण वातावरणात, बोर्डच्या पृष्ठभागावरून मोजलेलं अंतर किमान 5 मिलिमीटर लागतं आणि हवेतून सरळ मोजलेलं साधारण 4. जबाबदार डिझायनर 6 ते 8 ठेवतात. ही दोन अंतरं वेगळी मोजण्याला कारण आहे. हवेतून वीज उडी मारते ती क्षणात, जवळपास वीज पडली किंवा लाइनवर मोठा झटका आला तर. पृष्ठभागावरून मात्र ती दबकत येते. बोर्डवर धूळ बसते, पावसाळ्यात ती ओल धरते, ओल्या धुळीतून अगदी किंचित प्रवाह वाहू लागतो, त्याने बोर्डचा तो भाग करपतो, आणि करपलेला भाग म्हणजे कोळसा, ज्यातून वीज आणखी सहज जाते. असं महिनोन्‌महिने चालतं. कोकणात किंवा मुंबईत चार महिने भिंतींना ओल असते, तिथे एक मिलिमीटरचा बांध आणि सहा मिलिमीटरचा बांध यांतला फरक पुस्तकी राहत नाही.

चांगल्या बोर्डवर या पट्टीत कधीकधी आरपार कापलेली लांबट खाच दिसते. ती चुकून राहिलेली नसते. खाच कापली की पृष्ठभागच उरत नाही, धुळीला पूल बांधायला जागा मिळत नाही. छोट्या बोर्डवर अंतर वाढवायचा हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि तरी खराब चार्जरमध्ये तो सापडत नाही. तिथे मेनच्या बाजूचं सोल्डरचं ढेकूळ आणि यूएसबीच्या बाजूचं ढेकूळ यांच्यामध्ये कधीकधी नख घालायलाही जागा नसते. वर प्लगच्या पिनांपासून बोर्डपर्यंत आलेली वायर हाताने जोडलेली असते. चार्जर दोनदा खाली पडला, वायर सुटली आणि पलीकडच्या बाजूवर जाऊन टेकली, की सगळं गणित संपलं.

पण बांध नुसता रुंद असून भागत नाही. पलीकडे ऊर्जा तर गेलीच पाहिजे, नाहीतर फोन चार्ज कसा होणार? म्हणून बांधावरून मोजके भाग आडवे टाकलेले असतात, आणि चार्जरचा खरा कस तिथे लागतो.

पहिला भाग म्हणजे ट्रान्सफॉर्मर. 325 व्होल्ट एका ट्रान्झिस्टरने सेकंदाला पन्नास-साठ हजार वेळा चालू-बंद केले जातात, म्हणूनच तो एवढा लहान करता येतो. जुन्या रेडिओतला 50 हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर मुठीएवढा असे, हा सुपारीहून थोडा मोठा. आत दोन गुंडाळ्या, एक मेनची, एक यूएसबीची. दोन्हींचा तारेने संबंध नाही, ऊर्जा जाते ती चुंबकीय क्षेत्रातून. पण त्या एकमेकींवरच गुंडाळलेल्या असतात, तेव्हा मध्ये काय आहे यावर सगळं अवलंबून.

तांब्याच्या तारेवर जो लाख दिल्यासारखा पातळ थर असतो, त्याला सुरक्षेच्या दृष्टीने इन्सुलेशन मानत नाहीत. त्यात सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात, आणि गुंडाळताना तो खरवडला जातो. म्हणून चांगल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये यूएसबीच्या बाजूची गुंडाळी वेगळ्या तारेची असते. तिच्यावर प्लास्टिकचे तीन स्वतंत्र थर असतात, आणि त्यातले कुठलेही दोन पूर्ण ताण सोसतील अशी तिची परीक्षा झालेली असते. शिवाय मध्ये पिवळ्या टेपचे वेढे. खराब ट्रान्सफॉर्मर सोडवत गेलं तर दोन्हीकडे तीच तांबूस तार निघते आणि मध्ये टेपचा एखादा वेढा. टोकं बाहेर काढताना दोन्ही तारा एकमेकींना घासूनही गेलेल्या असतात. वाईट गोष्ट अशी, की ट्रान्सफॉर्मर न फोडता हे कोणालाच दिसत नाही. बाहेरून दोन्हींवर तोच पिवळा टेप असतो.

दुसरा भाग छोटा आहे, पण मला तो सगळ्यात बोलका वाटतो. निळ्या रंगाची, चपट्या गोळीसारखी एक डिस्क, जिचा एक पाय मेनच्या बाजूला आणि एक पाय यूएसबीच्या बाजूला. हा कॅपॅसिटर मुद्दाम बांध ओलांडतो. ट्रान्सफॉर्मरमधून ऊर्जेबरोबर गोंगाटही पलीकडे जातो, त्या हजारो चालू-बंदचा. त्याला परतीची वाट दिली नाही, तर तो फोनच्या पडद्यातून वाट काढतो. चार्जिंगला लावल्यावर बोट एकीकडे आणि अक्षर भलतीकडे उमटतं, पडदा आपोआप उघडझाप करतो, हे पुष्कळांनी अनुभवलं असेल. हा कॅपॅसिटर गाळलेला असणं किंवा आतलं फिल्टर निकृष्ट असणं, हे त्याचं नेहमीचं कारण.

आता याच्या जागी काय बसवलंय ते पाहा. खास या कामासाठी केलेल्या कॅपॅसिटरवर 'वाय-1' असा शिक्का असतो आणि भोवती निरनिराळ्या देशांच्या तपासणी संस्थांच्या बारीक खुणा. त्याला 8 हजार व्होल्टचे झटके देऊन तपासलेलं असतं. त्याची किंमत काही रुपये. त्याच आकाराचा, तेवढ्याच क्षमतेचा साधा सिरॅमिक कॅपॅसिटर काही पैशांत मिळतो, त्यावर एक किंवा दोन हजार व्होल्ट लिहिलेलं असतं. 325 साठी हजार पुरे नाहीत का? रोजच्या दिवसाला पुरतात. पण लाइनवर मोठा झटका येतो तेव्हा ते काही हजार व्होल्टचं काम असतं, आणि साधा कॅपॅसिटर फुटला की आतून शॉर्ट होण्याची शक्यता मोठी. शॉर्ट झाला की बांधावर सरळ तांब्याची तार टाकल्यासारखं झालं. फेज थेट यूएसबीच्या धातूच्या कवचावर येते, तिथून केबलमधून फोनच्या धातूच्या कडेवर. चार्जर यानंतरही चालू राहू शकतो. फोन चार्ज होत राहतो. अनवाणी उभ्या माणसाने तो उचलला की मग कळतं.

अशा वेळी घरातला एमसीबी पडत नाही. तो ॲम्पिअरमध्ये विचार करतो, आणि माणसाच्या जिवाला काही दशक मिलिॲम्पिअर पुरतात. 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवलेला असेल तर तो पडेल, पण तो जुन्या घरांत क्वचित असतो.

चांगल्या चार्जरमध्येही या निळ्या डिस्कमधून थोडा प्रवाह झिरपतोच. एक नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर, 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ असा हिशेब मांडला तर जास्तीत जास्त 0.07 मिलिॲम्पिअर निघतात. मानकांची मर्यादा 0.25 आहे. धातूच्या लॅपटॉपवर किंवा फोनच्या कडेवर हाताची पाठ हलकेच फिरवली की जे खरखरीत, झिणझिण्या आल्यासारखं लागतं ते हेच. म्हणून तेवढ्यावरून चार्जर खराब ठरवू नये. चटका बसतो किंवा हात झटकला जातो, ती गोष्ट वेगळी.

बऱ्याच चार्जरमध्ये बांधावर तिसरा एक भाग असतो: चार पायांचा, काळा, प्रकाशाने निरोप पोचवणारा ऑप्टोकपलर. पलीकडे व्होल्ट वाढले की कमी याची बातमी तो अलीकडे देतो. तो दिसला नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. लहान चार्जरमधल्या आताच्या चिप्स त्याच्याशिवायही ते काम नीट करतात.

हा सगळा बांध धड आहे की नाही हे तपासायची कारखान्यातली रीत अगदी सरळ आहे. प्लगच्या दोन्ही पिना एकत्र जोडायच्या, यूएसबीचं कवच दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये 3 हजार व्होल्ट एसी लावायचे. एक मिनिटभर काही फुटलं नाही तर पास. अमेरिकेतल्या 'यूएल' या तपासणी संस्थेने 2016 मध्ये ॲपलच्या नावाने विकले जाणारे 400 बनावट चार्जर अशा मूलभूत चाचण्यांना लावले. त्यातले 397 नापास झाले. बारा तर असे निघाले, की त्यांतून जीवघेणा धक्का बसू शकला असता. बाहेरून ते खऱ्यासारखेच दिसत होते, डबीसकट.

आता आगीकडे वळू. 10 वॉटचा चार्जर, म्हणजे 5 व्होल्ट 2 ॲम्पिअरचा, भिंतीतून साधारण 13 वॉट घेतो. प्रवाहात मोजलं तर एक दशांश ॲम्पिअरच्या आसपास. समजा, आतला ट्रान्झिस्टर अर्धवट शॉर्ट झाला आणि 2 ॲम्पिअर वाहू लागले. म्हणजे काडेपेटीएवढ्या डबीत 460 वॉट. पण 6 किंवा 16 ॲम्पिअरच्या एमसीबीला यात काहीच वावगं वाटत नाही, कारण एखाद्या मिक्सरनेही तेवढे घेतले असते. घरचा एमसीबी भिंतीतल्या वायरिंगची राखण करतो, चार्जरची नाही. चार्जरची राखण त्याच्या स्वतःच्या फ्यूजनेच करायची असते.

म्हणून पिनेपासून आत आल्यावर पहिला भाग फ्यूज असायला हवा, बाकी सगळं त्याच्यानंतर. तो काळ्या चौकोनी ठोकळ्यासारखा असतो, काचेच्या बारीक नळीचा असतो, किंवा लहान चार्जरमध्ये रेझिस्टरसारखा दिसतो. हा शेवटचा प्रकार फसवा आहे. फ्यूजचं काम करणारा रेझिस्टर खास बनवलेला असतो, जास्त प्रवाह आला की तो ज्वाला न निघता तुटतो, आणि त्यावर बहुधा काळी श्रिंक नळी चढवलेली असते. खराब चार्जरमध्ये त्याच जागी, तसेच रंगीत पट्टे असलेला साधा रेझिस्टर असतो. तो जळतो, पण लगेच तुटेल आणि पेट घेणार नाही याची कोणी खात्री दिलेली नसते, आणि भोवतीचं प्लास्टिकही आग न धरणाऱ्या प्रकारचं असतंच असं नाही. सगळ्यात निर्लज्ज नमुना म्हणजे बोर्डवर फ्यूजची जागा छापलेली असते आणि तिथे वायरचा तुकडा सोल्डर केलेला असतो. ज्याने बोर्ड आखला त्याला फ्यूज लागतो हे माहीत होतं. ज्याने पैसे मोजले त्याने तो काढून टाकला.

कॅपॅसिटरचं दुखणं याहून सावकाश वाढतं. मेनच्या बाजूचा तो जाडसर नळकांड्यासारखा कॅपॅसिटर 325 व्होल्ट साठवतो. विजेच्या लाटेत सेकंदाला शंभर वेळा दरी येते, आणि त्या प्रत्येक दरीत चार्जरला तोच पोसतो. 10 वॉटला साधारण 10 मायक्रोफॅरड लागतात, मग दरीत व्होल्ट 290 च्या आसपास टिकतात. स्वस्तात 2.2 चा बसवला तर पूर्ण भार असताना तेच 120 पर्यंत कोसळू शकतात. मग चार्जरवर 2 ॲम्पिअर छापलेलं असूनही फोन रात्रभर कुथत राहतो.

त्याच्या अंगावर दोन आकडे वाचावेत. एक, तापमान: 85 किंवा 105 अंश. या कॅपॅसिटरच्या आत ओलसर रसायन असतं आणि ते उष्णतेने हळूहळू उडून जातं. दर 10 अंश कमी तापमानाला आयुष्य दुप्पट, असा ढोबळ नियम आहे. चार्जरच्या आत 75 अंश झाले असं धरू. 105 अंशांना 2 हजार तास टिकणारा कॅपॅसिटर तिथे आठपट, म्हणजे 16 हजार तास टिकेल. रोज आठ तास चार्जिंग धरलं तर साडेपाच वर्षं. 85 अंशांना हजार तासांचा कॅपॅसिटर त्याच जागी 2 हजार तास टिकेल, म्हणजे आठ-नऊ महिने. उन्हाळ्यात उशीखाली चार्जर ठेवणाऱ्यांनी यातून आणखी वजा करावेत. कॅपॅसिटर म्हातारा झाला की डोकं फुगतं, आणि आतलं रसायन कधीकधी बोर्डवर ओघळतं. ते वीजवाहक असतं. बांध अरुंद असेल, तर हा ओघळ तिथवर पोचायला फार लांब जावं लागत नाही.

दुसरा आकडा व्होल्टेजचा, बहुधा 400. लाइन 270 वर गेली तर माथा 382 होतो, म्हणजे 400 चा कॅपॅसिटर जेमतेम तग धरतो. पण सोसायटीच्या मीटररूममध्ये न्यूट्रल सुटला तर घरातल्या सॉकेटमध्ये 230 च्या जागी 400 पर्यंत येऊ शकतात, माथा 560 च्या पुढे. एका दुपारी अख्ख्या इमारतीतले टीव्ही, राउटर आणि चार्जर जातात ते असेच. काही चांगल्या चार्जरमध्ये फ्यूजच्या लगेच मागे व्हॅरिस्टर नावाची आणखी एक चपटी गोळी असते. व्होल्ट मर्यादेबाहेर गेले की ती स्वतः वाहू लागते, फ्यूज उडतो, चार्जर मरतो आणि फोन वाचतो. व्हॅरिस्टर नाही आणि फ्यूजही नाही, अशा डबीत कॅपॅसिटर फुटतो. त्याचा आवाज लवंगी फटाक्याहून कमी नसतो.

हे सगळं पाहायला घरी चार्जर उघडायची हौस करू नये. सॉकेटमधून काढल्यावरही तो मोठा कॅपॅसिटर काही काळ भरलेला राहू शकतो, आणि चिकटवलेलं कवच एकदा फोडलं की पुन्हा सुरक्षित बसत नाही. बंद डबीवरून जेवढं कळतं तेवढं पाहावं. भारतात मोबाइल चार्जरना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर 'आर' अक्षर आणि त्यापुढे आठ आकडी क्रमांक असतो. नुसता क्रमांक पाहून थांबू नये, कारण छापायला कोणीही छापू शकतो. ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकला की तो कोणत्या उत्पादकाच्या आणि कोणत्या ब्रँडच्या नावावर आहे ते दिसतं. हातातल्या डबीवरचं नाव आणि ॲपमधलं नाव जुळलं नाही, तर दुकानदाराला परत द्यावा. चौकोनात चौकोन हे चिन्हही शोधावं. अर्थिंगशिवाय, दुहेरी इन्सुलेशनवर चालणारं उपकरण असा त्याचा दावा असतो.

दुकानात पुष्कळदा दुसरीच परीक्षा होते. चार्जर लावून यूएसबीच्या तोंडाला टेस्टर टेकवतात आणि दिवा लागला तर "करंट येतोय" म्हणून बाजूला टाकतात. टेस्टरचा निऑन दिवा अगदी क्षुल्लक प्रवाहावरही मिणमिणतो, आणि तेवढा प्रवाह त्या निळ्या वाय-1 डिस्कमधून येतच असतो. म्हणून उत्तम चार्जरवरही तो लागू शकतो. उलट ज्या चार्जरमधून तो कॅपॅसिटरच गाळला आहे आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये टेपचा एकच वेढा आहे, त्यावर दिवा जवळजवळ लागतच नाही, आणि दुकानदार तोच हातात देतो.